हाफ मॅरेथॉनमध्ये फिनिश टाईम लाईव्ह कसा सांगायचा: आमच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

अंबाजोगाईच्या आमच्या रनिंग ग्रुपची हाफ मॅरेथॉन जानेवारीत आहे. घरच्यांना मोबाईलवर एक साधं पान द्यायचं ठरलंय, त्यात छातीवरचा बिब नंबर टाकला की आपला माणूस अंदाजे किती वाजता फिनिशला येईल ते दिसलं पाहिजे. ॲम्ब्युलन्सवाल्यांना आणि रस्ता मोकळा करणाऱ्यांनाही तेच हवंय. नाश्त्याला सुशीला आणि चहा करणाऱ्या मामांनाही हवंय, कारण चुरमुरे एकदा भिजवले की लगेच परतावे लागतात आणि गर्दी कधी येणार ते आधी कळलं तर बरं.

रूट असा आहे. गावातून स्टार्ट, ६.५५ किमी पठारावरचा जवळपास सपाट रस्ता, मग घाटाचं तोंड, तिथून ४ किमी उतार, खाली १०.५५ किमीवर यू-टर्न आणि आल्या रस्त्यानं परत. म्हणजे ४ किमी चढ, मग पुन्हा सपाट. आमचं गाव वर आहे त्यामुळं उतार आधी येतो आणि चढ नंतर, पुढच्या सगळ्या नोंदींमध्ये हीच गोष्ट सारखी आडवी येणार आहे. हाफचं अंतर २१.०९७५ किमी असतं, १०.५५ ची दुप्पट २१.१ होते, म्हणून फिनिशची पट्टी स्टार्टच्या अडीच मीटर अलीकडं मारायची.

चेकपॉइंट तीन: घाटाचं तोंड जाताना, यू-टर्न, आणि घाटाचं तोंड येताना. प्रत्येक ठिकाणी दोन पोरं मोबाईल घेऊन बसणार, बिब नंबर टाकला की वेळ आपोआप नोंदली जाईल. मोठ्या शर्यतीत बिबला चिप आणि रस्त्यावर मॅट असते, ते आपल्या बजेटमध्ये बसत नाही.

सुरुवातीचा फॉर्म्युला सगळ्यांना माहीत असलेलाच घेतलाय:

```
अंदाज = गेलेला वेळ × 21.0975 / कापलेलं अंतर
```

घाटाच्या तोंडाला ३९:१८ मध्ये पोचलेल्या माणसाचा अंदाज २:०६:३५ येतो. गणित बरोबरच आहे. पण त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे, की उरलेला रस्ता हा झालेल्या रस्त्यासारखाच असेल आणि उरलेला माणूसही झालेल्या माणसासारखाच असेल. आपल्या रूटवर यातलं पहिलं तर सरळसरळ खोटं आहे.

१६ नोव्हेंबर

आज पान पहिल्यांदा चालवलं. दोन गोष्टी लगेच दिसल्या, दोन्ही वेळेच्याच आहेत.

पहिली अशी. चेकपॉइंट सोडला की पुढच्या चेकपॉइंटपर्यंत आपल्याकडं नवीन अंतर येत नाही, पण घड्याळ पुढं चाललेलं असतं. पानानं दर मिनिटाला आत्ताची वेळ घेऊन हिशोब केला तर अंतर तिथंच आणि वेळ वाढतोय असं होतं आणि अंदाज फुगत जातो. ३९:१८ ला २:०६:३५ दाखवणारं पान त्याच माणसासाठी एक तास झाल्यावर ३:१३ दाखवायलंय, आणि तो बिचारा खाली घाटात मस्त पळत असतो. घरी बघणाऱ्याला वाटणार पोराला काहीतरी झालं. म्हणून वेळ आणि अंतर दोन्ही एकाच नोंदीतले घ्यायचे, म्हणजे शेवटच्या चेकपॉइंटवरची वेळ आणि त्याच चेकपॉइंटचं अंतर.

दुसरी गोष्ट स्टार्टची. रस्ता अरुंद आहे, मागच्या रांगेतल्या माणसाला स्टार्टची पट्टी ओलांडायलाच दोन मिनिटं जातात. घड्याळ बंदुकीपासून मोजलं तर ही दोन मिनिटं त्याच्या पळण्यात धरली जातात आणि फॉर्म्युला ती गुणून टाकतो. ६.५५ किमीवर गुणक ३.२२ आहे, म्हणजे दोन मिनिटांची साडेसहा मिनिटं झाली. १४.५५ किमीवर गुणक १.४५, तिथं तीच दोन मिनिटं तीनच्या आत येतात, आणि फिनिशला फक्त दोन. आता पान बघणाऱ्याला काय दिसेल, तर हा माणूस सुरुवातीला हळू होता आणि मग वेग वाढवत गेला. खरं तर त्यानं वेग जराही बदललेला नाही. दाखवलेला आकडा सारखा कमी कमी होत असेल तर आधी स्टार्टचा हिशोब तपासायचा, माणसाचं कौतुक नंतर.

त्यामुळं स्टार्टलाही बिब नोंदवायचं ठरलं. गर्दीत ते जमत नाही म्हणून माणसं तीन लाटांमध्ये सोडायची, प्रत्येक लाटेची वेळ वेगळी. लाटेच्या आतला काही सेकंदांचा फरक राहील, तो चालतो. घरच्यांना मात्र घड्याळातली वेळ हवी असते, म्हणून शेवटी लाटेची सुटण्याची वेळ मिळवून ‘८:३८ च्या आसपास’ असं दाखवायचं.

२३ नोव्हेंबर

ग्रुपमध्ये विचारणा झाली की एवढे चेकपॉइंट कशाला, प्रत्येकाच्या हातावर जीपीएस घड्याळ आहे, त्याचंच अंतर घ्या. बऱ्याच घड्याळांमध्ये फिनिशचा अंदाज दाखवायची सोय असतेच. अडचण अशी की घड्याळातलं अंतर आणि रूटचं अंतर एक नसतं. रूट मोजताना पळायला जो सगळ्यात जवळचा मार्ग असतो तो मोजतात, वळणाच्या आतल्या कडेनं. माणूस गर्दीतून, पाण्याच्या टेबलाकडं, डावीकडून उजवीकडं असा जातो, आणि जीपीएसचे ठिपकेही थोडे इकडंतिकडं पडतात, म्हणून सपाट रस्त्यावर घड्याळ बहुतेक वेळा जास्तच दाखवतं. दीड टक्का जास्त धरा. १०.५५ च्या जागी घड्याळ १०.७१ म्हणणार, आणि ६१:१८ ला तिथं पोचलेल्याला २:०२:३५ ऐवजी २:००:४५ दाखवणार. पावणेदोन मिनिटं फुकट मिळाल्यासारखी वाटतात आणि शेवटी घड्याळात २१.१ पूर्ण झालं तरी फिनिशची कमान तीनशे मीटर पुढंच असते, हे आपल्यातल्या प्रत्येकानं बघितलंय. जो दोन तासांच्या आत यायचं म्हणून पळतोय त्याला हे लई लागतं.

आणि घड्याळाला ऑटो-पॉज लावलेला असेल तर पाण्यासाठी थांबलेला वेळ तो धरतच नाही. शर्यतीचं घड्याळ थांबत नसतं.

म्हणून अंतर आपलंच, रस्त्यावर मोजून पेंटनं खूण केलेलं. सरांनी सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजायचं अंगावर घेतलंय, आधी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर चाक कॅलिब्रेट करून मग रूट. सुरुवातीच्या चेकपॉइंटला खूण जास्त नीट पाहिजे. ५० मीटरची चूक १ किमीवर ५ टक्के असते, दोन तासवाल्याला ती सहा मिनिटं पडते. तीच १० किमीवर अर्धा टक्का, म्हणजे ३६ सेकंद. याच कारणानं पहिल्या दोन-तीन किलोमीटरला अंदाज दाखवायचाच नाही असं ठरवलं.

३० नोव्हेंबर

आज ताईंनी पूर्ण रूट पळून दाखवला आणि आम्ही मोटरसायकलवर मागं. ताई एकसारख्या पळतात, उगाच सुरुवातीला सुटत नाहीत, त्यामुळं त्यांचे आकडे चाचणीला एकदम चांगले.

सपाट ६.५५ किमी सहाच्या पेसनं, म्हणजे किमीला सहा मिनिटं, ३९:१८. उतार ४ किमी साडेपाचच्या पेसनं, २२ मिनिटं, यू-टर्न ६१:१८ ला. चढ ४ किमी साडेसातच्या पेसनं, ३० मिनिटं, घाटाच्या तोंडाला परत ९१:१८. शेवटचा सपाट तुकडा ६:२० च्या पेसनं, फिनिश २:१२:४६.

आता पानानं काय दाखवलं ते बघा. घाटाच्या तोंडाला २:०६:३५. यू-टर्नला २:०२:३५. वर परत आल्यावर २:१२:२३. म्हणजे यू-टर्नला, जिथं शर्यत बरोबर अर्धी झाली आणि माणसाला वाटतं की आता आकडा पक्का, तिथंच तो दहा मिनिटांनी चुकलेला होता. आणि चुकला तो गोड बाजूला. असा आकडा बघून माणूस म्हणतो आज तर दोन तास फुटणार, आणि चढावर जोर लावतो.

वर आल्यावरचा आकडा अर्ध्या मिनिटात बरोबर आला. फॉर्म्युला तिथं शहाणा झाला असं काही नाही. उतार आणि चढ दोन्ही झालेल्या भागात जमा झाले आणि पुढं फक्त सपाट उरलं, म्हणून सरासरी उरलेल्या रस्त्याच्या जवळपास जाऊन बसली. रूट उलटा असता, आधी चढ मग उतार, तर हाच फॉर्म्युला यू-टर्नला घाबरवणारा आकडा देत राहिला असता.

अजून एक नोंद करून ठेवतो. जितकं उतरलो तितकंच चढलो, तरी हिशोब बरोबरीत सुटत नाही. उतारावर ताईंना किमीमागं अर्धा मिनिट मिळाला आणि चढावर दीड मिनिट गेला.

३ डिसेंबर

काल व्हॉट्सॲपवर बरीच चर्चा झाली. भाऊचं म्हणणं, सगळ्या शर्यतीची सरासरी कशाला घ्यायची, आत्ताचा पेस घ्या: गेलेला वेळ अधिक उरलेलं अंतर गुणिले शेवटच्या टप्प्याचा पेस. सपाट रूटवर हे खरोखर चांगलं चालतं. समजा फुल मॅरेथॉनमध्ये कुणी ३० किमी तीन तासात केले तर सरासरीचा अंदाज ४:१३ येतो, पण त्यातले शेवटचे ५ किमी सातच्या पेसनं झाले असतील तर उरलेल्या १२.१९५ किमीला साडेपंच्याऐंशी मिनिटं लागणार आणि खरा आकडा ४:२५ च्या बाजूला जातो. माणूस गळायला लागला हे सरासरीला फार उशिरा कळतं, कारण आधीचे चांगले २५ किमी तिच्यात बसलेले असतात.

पण आपल्या घाटात भाऊचा फॉर्म्युला लावून बघितला. यू-टर्नला ताईंचा शेवटचा पेस साडेपाच, अंदाज १:५९:१९, म्हणजे सरासरीपेक्षाही जास्त चुकीचा. वर आल्यावर शेवटचा पेस साडेसात, अंदाज २:२०:२४, आता साडेसात मिनिटं दुसऱ्या बाजूला. उतारावर हुरळतो आणि चढावर खचतो. घाट संपलाय हे त्याला माहीतच नाही.

सरांनी रीगलचा फॉर्म्युला सुचवला. पीट रीगल हे अमेरिकन इंजिनियर, १९७७ मध्ये त्यांनी हा मांडला: दुसऱ्या अंतराचा वेळ काढायला अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा. यू-टर्नला लावला तर २:०७:४७ येतं, खऱ्याच्या जरा जवळ. तरी घेतला नाही, आणि कारण सरांनाही पटलं. तो फॉर्म्युला दोन वेगळ्या शर्यतींसाठी आहे, दोन्ही पूर्ण ताकदीनं पळलेल्या. १० किमीची शर्यत जीव तोडून पळलास तर हाफ किती होईल, असा तो प्रश्न. हाफच्या आत १०.५५ ला ताई जीव तोडून पोचलेल्या नसतात, त्यांनी पुढच्यासाठी राखलेलं असतं. आकडा जवळ आला तो घाटामुळं, रीगलमुळं नाही. सपाट रूटवर एकसारखं पळणाऱ्याला तो उगाच पाच मिनिटं जास्त सांगेल.

७ डिसेंबर

आता मूळ दुखण्याकडं. किलोमीटर सगळे सारखे नाहीत, तर ते सारखे धरायचे नाहीत. प्रत्येक तुकड्याला भार द्यायचा: सपाट १, उतार त्यापेक्षा कमी, चढ जास्त. मग किमीऐवजी ‘सपाट-किमी’ मोजायचे आणि फॉर्म्युला तोच.

भार किती हा प्रश्न. इटलीच्या मिनेट्टी आणि सहकाऱ्यांचं २००२ चं काम आहे, वेगवेगळ्या चढउतारावर पळताना शरीराला किमीमागं किती ऊर्जा लागते याचं समीकरणच त्यांनी दिलंय. आपला घाट सरासरी ४ टक्क्यांचा. त्या समीकरणात ४ टक्के चढाला सपाटच्या १.२४ पट आणि तेवढ्याच उताराला ०.८० पट ऊर्जा येते. चढाचा आकडा आपल्या रनरांशी छान जुळतो. उताराचा जुळत नाही. ०.८० प्रमाणे ताईंनी उतार ४:४८ च्या पेसनं पळायला पाहिजे होता, त्या साडेपाचनं आल्या. ऊर्जा वाचते हे खरं, पण वाचलेली सगळी ऊर्जा वेगात येत नाही. मांड्या ब्रेक मारत असतात, वळणावर सांभाळावं लागतं, समोरून ट्रक येतो, आणि खाली जाऊन परत चढायचंय हे डोक्यात असतं.

म्हणून ग्रुपमधल्या लोकांच्या याच घाटातल्या जुन्या रन घेतल्या, प्रत्येकाचा उताराचा आणि चढाचा पेस त्याच्याच सपाट पेसनं भागला आणि मधला आकडा घेतला. उतार ०.९२, चढ १.२५.

```python
TUKDE = [(6.55, 1.0), (4.0, 0.92), (4.0, 1.25), (6.5475, 1.0)]

def bhar(d):
    s = 0
    for lambi, w in TUKDE:
        x = min(d, lambi)
        s += x * w
        d -= x
    return s

def andaj(t, d):
    return t * bhar(21.0975) / bhar(d)
```

पूर्ण रूट आता २१.७८ सपाट-किमी झाला. ताईंचे तेच आकडे टाकले: घाटाचं तोंड २:१०:४०, यू-टर्न २:१०:३०, परत वर २:१०:३३. खरं फिनिश २:१२:४६.

हे बघून लई बरं वाटलं. दोन मिनिटांची चूक राहिलीच आहे, ती शेवटच्या सपाट तुकड्यात सहाचा पेस ६:२० झाला त्याची, म्हणजे थकव्याची. पण आकडा जागचा हलला नाही हे महत्त्वाचं. भार बरोबर आहेत का हे ओळखायची हीच खूण आहे: एकसारख्या पळणाऱ्या माणसाचा अंदाज उतारावर खाली आणि चढावर वर जायला नाही पाहिजे. सगळ्यांचाच यू-टर्नला खाली पडत असेल तर उताराचा भार जास्त धरलाय. वर येताना सगळ्यांचाच चढत असेल तर चढाचा भार कमी पडलाय.

२१ डिसेंबर

आज कटऑफचं बोलणं झालं आणि हा फॉर्म्युला फक्त घरच्यांच्या समाधानासाठी नाही हे सगळ्यांना पटलं.

रस्ता तीन तासांनी वाहनांना मोकळा करायचाय. आधी यू-टर्नचा कटऑफ दीड तास ठरला होता, अर्ध्याला अर्धा, सरळ हिशोब. पण उतारावरून आलेला माणूस दीड तासाला यू-टर्नला असेल तर तो तीन तासात येणार नाही. यू-टर्नपासून गुणक २.१३ आहे, म्हणजे १८० मिनिटांना तिथं साडेचौऱ्याऐंशी मिनिटाला पोचायला पाहिजे. आणि तेही पूर्ण चढ पळणाऱ्याला.

मागचे लोक चढ पळत नाहीत, चालतात. सपाटावर आठच्या पेसनं जाणारा माणूस ४ टक्के चढ अकराच्या आसपास चालतो, म्हणजे भार १.२५ नाही, १.४ च्या जवळ. उतारावरही ते जपून येतात, ०.९५ धरा. मग गुणक २.१७ होतो आणि कटऑफ पावणेत्र्याऐंशी मिनिटांवर येतो. आम्ही १:२३ ठेवला. दीड तास ठेवला असता तर सात मिनिटं जास्त दिली असती आणि त्या सात मिनिटांतली माणसं ऊन चढल्यावर घाटात अडकली असती, खाली गाडीत बसवणं सोपं, अर्ध्या चढावरून उचलणं अवघड.

कोडमध्ये आता भारांचे दोन संच आहेत. ६.५५ ला साडेसातच्या पेसपेक्षा हळू असेल तर दुसरा संच. मधे रेघ अशी काटेकोर नसते खरं तर, पण यापेक्षा बारीक करायला आपल्याकडं तेवढ्या लोकांचे आकडे नाहीत.

४ जानेवारी

भाऊचा शेवटच्या टप्प्याचा पेस परत घेतलाय, पण भार लावून. म्हणजे शेवटच्या टप्प्याचा वेळ भागिले त्या टप्प्याचे सपाट-किमी. चढाची ३० मिनिटं भागिले ५ सपाट-किमी, ताईंचा पेस सहाचा सहाच. आता चढामुळं तो खचत नाही, माणूस खरंच गळाला तरच हलतो.

पानावर दोन्ही अंदाज काढायचे, पूर्ण शर्यतीचा आणि शेवटच्या टप्प्याचा, आणि त्यांच्यातला पट्टा दाखवायचा: ‘८:३८ ते ८:४२’ असं. दोन्ही जवळजवळ असतील तर माणूस एकसारखा चाललाय. फाटा पडला तर काहीतरी बदललंय. नुसता एक आकडा सेकंदासकट दाखवला की लोक तो बसच्या टाईमासारखा धरतात, म्हणून सेकंद काढून टाकले.

घाटाच्या तोंडाची भानगड पण आज निघाली. जाताना आणि येताना तीच जागा, तीच पोरं. जातानाची नोंद हुकली आणि येतानाची झाली तर पान तिला पहिली समजणार आणि ९१:१८ ला ६.५५ किमी धरून पाच तासांच्या वरचा अंदाज फेकणार. त्यासाठी जाताना-येताना असे दोन वेगळे बटण केलेत, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी पोरं बसतील, आणि यू-टर्नची नोंद आधीच असेल तर घाटाच्या तोंडाची नोंद आपोआप येतानाची धरायची.

११ जानेवारी

शर्यत झाली. साडेसहाला पहिली लाट सुटली तेव्हा थंडी होती, साडेआठनंतर ऊन चांगलंच लागायला लागलं.

बहुतेक लोकांचे आकडे यू-टर्न आणि वरचं तोंड यात एखाद-दोन मिनिटांपेक्षा जास्त हलले नाहीत. मामांना सुशीलाचा अंदाज बरोबर मिळाला, मोठा घोळका सांगितल्या वेळेलाच आला. कटऑफला यू-टर्नवर काही जणांना थांबवलं. एक काका रागावले, अर्ध्या अंतराला अजून दीड तास व्हायचाय म्हणाले, त्यांना चढाचा हिशोब समजावून सांगितला.

एका पोराचे आकडे मात्र इथं पूर्ण लिहून ठेवतो. ६.५५ ला ३१:२६, म्हणजे ४:४८ चा पेस, अंदाज १:४४:३१. यू-टर्न ४८:४६, अंदाज १:४३:४९, घरचे खूश. उतार त्यानं ४:२० नं मारला होता. चढाला २६ मिनिटं लागली, वर ७४:४६. आता पूर्ण शर्यतीचा अंदाज १:४६:५५ आणि शेवटच्या टप्प्याचा १:४८:४९. पहिल्यांदाच पट्टा फाटला. यू-टर्नच्या हिशोबानं चढाला २३:५० लागायला पाहिजे होती, सव्वादोन मिनिटं जास्त गेली. शेवटचा सपाट तुकडा त्यानं सहाच्या पेसनं कसाबसा काढला, मांड्या धरल्या होत्या, फिनिश १:५४:०३.

पट्ट्याच्या वरच्या टोकाच्याही पाच मिनिटं पुढं. इथं कुठलाही भार उपयोगी पडत नाही. दोन्ही अंदाज झालेल्या रस्त्यावरूनच बोलतात, आणि उतारावर मांड्यांची जी वाट लागली ती तेव्हाच्या वेळेत दिसत नाही, उलट तेव्हा वेळ चांगलीच दिसते. वर आल्यावर दोन मिनिटांचा फाटा पडला तेवढाच इशारा होता. असा फाटा पडला की खरा आकडा पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पुढं जातो, हे आज बाकी काही जणांच्या बाबतीतही दिसलं.

आणि एक जण येताना घाटाच्या तोंडाला आलाच नाही. पान त्याचा जुनाच अंदाज दाखवत राहिलं, ८:४६, मग ८:४६ उलटून गेले तरी तेच. पोटरी आवळली म्हणून तो घाटात कठड्यावर बसला होता, ॲम्ब्युलन्सला तो दिसला आणि सुखरूप वर आणला. पण पानाला हे माहीत नव्हतं.

१३ जानेवारी

कालपासून त्याच्यावर काम केलं. चेकपॉइंट सोडताना पुढच्या चेकपॉइंटची अपेक्षित वेळही काढून ठेवायची, त्याच भारांनी. चढाच्या टप्प्याला अपेक्षेपेक्षा पाव पट वेळ जास्त झाला आणि नोंद आली नाही तर फिनिशचा अंदाज काढून टाकायचा आणि ‘शेवटची नोंद यू-टर्न, ७:३५’ एवढंच दाखवायचं. त्याच वेळी कंट्रोल टेबलवर बिब नंबर लाल व्हायला हवा. कधी कधी नुसती नोंद हुकलेली असेल, म्हणून घरच्यांना लाल दाखवायचं नाही, टेबलवरच्या माणसानं आधी घाटातल्या मोटरसायकलवाल्याला फोन करायचा.

शेवटच्या सपाट तुकड्याचा भार १ वरून १.०५ करायचा का हे अजून ठरलेलं नाही. ताईंना तो बरोबर बसतो, पुढच्या पोरांना जास्त पडेल, मागच्यांना कमी. परवाच्या सगळ्या रनरांचे पहिल्या आणि शेवटच्या सपाट तुकड्याचे पेस सर एका शीटमध्ये टाकायलेत, ते आले की वेगाच्या गटांप्रमाणं बघू.